व्याही हसले पाहिजेत, विहीणही

लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा संगीतचा कार्यक्रम मूळचा आपला नाही. पंजाबी घरांत बायका ढोलकी घेऊन गायला बसत, तिथून तो निघाला. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'सारख्या सिनेमांनी मराठी घरांना त्याची चटक लावली आणि आता हॉल ठरवतानाच 'संगीतला किती वाजेपर्यंत परवानगी?' असं विचारलं जातं. नाच बसवायला पैसे देऊन माणूस आणता येतो. स्किट आणि विडंबन गीत मात्र घरातल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. शाळेच्या मासिकात एखादी कविता छापून आलेली असली की तेवढं पुरतं. 'तू लिहितेस ना काहीतरी, मग दोघांवर एक मस्त गाणं लिहून दे.' गेली काही वर्षं नात्यातल्या लग्नांत हे काम माझ्याकडे येतं, म्हणून त्यातलं जे हाताला लागलं ते इथे लिहिते.

थट्टा आपल्या लग्नांत होतीच. नवरीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो आणि वर त्याचा मान वसूल करतो. उखाणा अडला की करवल्या सोडत नाहीत. उत्तरेत तर थट्टेची गाणीच आहेत. तिकडे त्यांना 'गारी' म्हणतात, म्हणजे सरळ शिव्याच. तुलसीदासांच्या रामचरितमानसात जनकाच्या घरी वऱ्हाड जेवायला बसतं तेव्हा बायका वरपक्षातल्या पुरुषांची आणि बायकांची नावं घेऊन गारी गातात, आणि दशरथ आपल्या मंडळींसह ती ऐकून हसतो. पंजाबात याच जातीच्या गाण्यांना 'सिठणी' म्हणतात, गुजरातेत 'फटाणां'.

हे सांगून लोक विचारतात, मग आपण आज एवढं जपून का लिहायचं? कारण त्या गाण्यांना कुंपण होतं. गाणाऱ्या बायका ठरलेल्या, वेळ जेवणाची, आणि उद्या आपल्या घरच्या लग्नात आपल्यालाही हेच ऐकायचं आहे हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक. शिवाय शिव्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. त्या 'व्याह्यां'ना असत, अमुक एका माणसाच्या अमुक एका उण्यावर नेम धरून लिहिलेल्या नसत. आज तेच वाक्य माइकवरून येतं, समोर मुलाचे साहेब बसलेले, मुलीच्या कॉलेजातल्या बाई बसलेल्या, आणि चार मोबाइल ते टिपतायत. ज्याच्यावर विनोद झाला त्याला त्याच पंगतीत उत्तर द्यायची सोय नाही. तो हसतो, आणि घरी गेल्यावर बोलतो. पुढे दहा वर्षं बोलतो.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्यातून निघतं: टपली आपल्याच डोक्यावर. मुलीची थट्टा मुलीकडच्यांनी करायची, मुलाची मुलाकडच्यांनी. समोरच्या घराबद्दल बोलायचं झालं तर आपण त्यांच्यापुढे कसे गांगरलो एवढंच बोलायचं. हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळताना नाही. आपल्याला समोरच्यांचंच जास्त हसू येत असतं.

एक लग्न घेऊ. मुलगी नागपूरची, मुलगा चिपळूणचा, दोघं नोकरीला पुण्यात. ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पहिलं काम माहिती गोळा करायचं. 'त्याचा एखादा मजेदार किस्सा सांगा ना' असं विचारलं की समोरचा एक तर गप्प होतो, नाहीतर जो किस्सा सांगायला नको तोच सांगतो. त्यापेक्षा बारीक प्रश्न विचारावेत. घरातून निघताना ती काय करते? गाडीत मागे बसलं की तो काय बोलतो? फ्रिज उघडून आधी काय शोधतो? प्रत्येक घरातून दोघांना फोन करायचा, एक बरोबरीचा आणि एक वडीलधारा. भावाला खोड्या माहीत असतात. त्यातली कोणती हळवी आहे हे मामीला माहीत असतं.

नागपूरहून कळलं की मुलगी 'पाच मिनिटांत येते' म्हणते आणि नंतर तास घेते. चिपळूणहून कळलं की मुलगा घराबाहेर पडला की गॅसचं बटण बंद केलं का हे पाहायला फाटकातून परत जातो, कधी कधी दोनदा. बाकीही पुष्कळ आलं. मुलाने आधी पाहिलेल्या मुली, मुलीचं 'थोडं भरलेलं' अंग, कोणाचा पगार जास्त, धाकट्या दिराचं अडलेलं लग्न, साखरपुड्याला आलेल्या साडीवरून झालेली कुजबुज. हे सगळं मी वहीत लिहूनही घेत नाही. लिहिलेलं डोळ्यांसमोर राहतं आणि रात्री बारा वाजता यमक जुळेनासं झालं की हात तिकडेच जातो. मानपान आणि साडी या विषयांवर तर 'गमतीत' सुद्धा बोलू नये. जिथे आधीच थोडं दुखलेलं असतं तिथे गंमत पोचत नाही.

आणखी एक ढीग असतो तयार विनोदांचा. नवरा म्हणजे बळीचा बकरा, बायको म्हणजे हुकूम, 'अजून वेळ आहे, पळ'. यात ना ही मुलगी आहे ना हा मुलगा. कुठल्याही लग्नात चालणारा विनोद या लग्नातल्या मुलीला फुकट एक चिमटा काढून जातो, आणि तिच्या आईला तो बरोबर ऐकू येतो.

आता गाणं. मुलाच्या भावाने उत्साहाने एक कडवं आधीच लिहून ठेवलं होतं. त्याचा सगळा मजकूर एवढाच, की वहिनी आळशी आहे, तिला उशीर होतो आणि आमच्याकडे मात्र सगळे वेळेवर. यात दोन गोष्टी बिघडल्या होत्या. 'आळशी' हे विशेषण आहे, आणि विशेषण म्हणजे निकाल. निकाल ऐकून माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. त्याऐवजी तिने काय केलं ते दाखवलं की तीही हसते, कारण ते खरंच घडतं. दुसरं म्हणजे नेम एकीकडेच होता आणि मारणारा समोरच्या घरचा. म्हणून दोन खोडी एकमेकींत अडकवल्या. ती घराबाहेर पडत नाही, हा बाहेर पडून परत आत जातो. म्हणजे सिनेमाची सुरुवात दोघांनीही कधी पाहिलेली नाही. आता दोष कुणा एकाचा राहिला नाही, जोडीचा झाला.

चाल निवडताना एक लक्षात ठेवावं. विडंबनात हसू येतं ते भारदस्त चाल आणि क्षुल्लक मजकूर यांच्या विसंगतीतून. अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली तेव्हा त्यांनी बऱ्याचदा नेम धरला तो कवितेच्या ऐटीवर. आपल्यालाही तेच सोयीचं. गॅसच्या बटणासाठी वीररसाची चाल घ्या, वेणीसाठी आर्त प्रेमगीताची. लोक चालीच्या थाटाला हसतील आणि माणूस आपोआप वाचेल. उलट, पाठवणीच्या रडव्या गाण्यावर विनोद लिहू नका. त्या चालीला मुलीची आई आधीच डोळे पुसत असते.

चाल ठरली की मात्रा मोजायच्या. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर त्या मागच्या ऱ्हस्वाच्याही दोन. आपल्या कानावरची बरीच गाणी केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या ठेक्यात असतात. अशा चालीत ओळ आठ-आठची पाडली की घरातली कुठलीही मावशी ती तालात म्हणू शकते. मात्रा जास्त झाल्या की गाणारे शब्द गिळतात, आणि गिळला जातो तो नेमका विनोदाचाच शब्द. आमचं कडवं असं झालं:

पाच मिनिटांत येते म्हणते,
तास संपतो, वेणी उरते.
तोवर हा मग गॅस तपासी,
फाटकातुनी परत घराशी.
पिक्चर सुटतो तेव्हा जोडी
तिकीट दावुनि हसते थोडी.

'पाच मिनिटांत' मोजून पाहा: दोन, एक, एक, एक, दोन, एक. झाले आठ. 'येते म्हणते' पुन्हा आठ. 'आळशी'च्या जागी 'वेणी' आली आणि काम झालं. आरशासमोर बसलेली मुलगी दिसायला लागली. पहिल्या दोन ओळी मुलीच्या मावसबहिणीने म्हटल्या, पुढच्या दोन मुलाच्या भावाने आणि शेवटच्या दोन सगळ्यांनी मिळून. गाणं एकच, पण प्रत्येकाने आपल्याच माणसाची खोडी काढली. भावाची तक्रार होती की त्याची मूळची ओळ जास्त झोंबणारी होती. होतीच, म्हणून गेली.

विनोदाचा शब्द ओळीच्या शेवटी यावा आणि त्याच्यामागे वाद्यांचा तुकडा असावा. लोक हसतात तेव्हा पुढचे शब्द बुडतात, बुडायला तेवढी जागा ठेवावी लागते. कॅराओके ट्रॅक घेतलात तर त्याची पट्टी दोन-तीन सुरांनी खाली आणून घ्या. मूळ गायिकेच्या पट्टीत घरच्या बायकांचा आवाज अंतऱ्याला फाटतो आणि मग लोक शब्दांना नाही, आवाजाला हसतात. कडवी दोनच करावीत. तिसऱ्या कडव्यापर्यंत मजकूर संपलेला असतो, आणि तिथेच सासूबाईंच्या स्वभावाची आठवण होते.

स्किटचं गणित वेगळं. माइकवर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द जातात. हसण्याची जागा धरली तर सहाशे शब्दांचं स्किट सहा-सात मिनिटं चालतं, आणि त्याहून जास्त कुणी बघत नाही. हॉलवर हातात धरायचे माइक बहुतेक दोनच असतात. पाच जणांच्या संवादात माइक इकडून तिकडे जाताना विनोद वाटेतच मरतो. म्हणून एका प्रवेशात दोघंच बोलतील असं लिहावं. आम्ही दोन विहिणींचा फोन घेतला. रंगमंचाच्या एका टोकाला नागपूर, दुसऱ्या टोकाला चिपळूण, विषय पाहुण्यांचा नाश्ता.

इथे मोह असा होता की चिपळूणच्या आत्याने वैदर्भी बोलावं आणि नागपूरच्या मामीने कोकणी हेल काढावेत. हशा हमखास. पण दुसऱ्याची बोली तोंडात घेतली की नक्कल होते, आणि नक्कल ऐकताना त्या बोलीच्या माणसाला शाळेत, नोकरीत झालेल्या सगळ्या नकला आठवतात. पुण्यात राहणाऱ्या नागपूरकराला तर फारच. तेव्हा मामी नागपूरचीच विहीण झाली आणि आत्या चिपळूणची. दोघी आपापल्या बोलीत, आपापल्याच घराचं हसं करायला मोकळ्या.

मामी म्हणते, 'तिखट बिलकुल नाही टाकलं जी विहीणबाई. आमचं लेकरू पण खाते,' आणि बोलता बोलता पाण्याचे चार तांबे पुढे सरकवते. आत्या उत्तर देते, 'आमच्याकडे काय हो, साधंच असतं. नारळ तेवढा घालतो. पोह्यांत घालतो, भाजीत घालतो, आमटीत घालतो. चहात अजून घातलेला नाही.' मामीच्या संहितेत 'त्यांच्याकडे सगळं फिक्कं' असं एक वाक्य होतं. ते तिने स्वतःच वाचताना गाळलं. त्याऐवजी आत्याला एक वाक्य मिळालं: 'तर्री पाठवा हो थोडी, यांना सर्दी झालीय.' फिकेपणाचा विषय तोच, पण आता तो फिक्कं खाणाऱ्या घराने स्वतः सांगितला होता, आणि वर तर्रीची मागणीही केली होती.

शेवटी एक मंगलाष्टक हवं अशी फर्माईश आली. शार्दूलविक्रीडित प्रत्येक मराठी माणसाच्या कानात लग्नापुरतं तरी असतं, त्यामुळे त्यात खाण्यापिण्याचा मजकूर घातला की पहिल्याच ओळीला हशा पिकतो. मात्र हे वृत्त केरव्यासारखं सैल नाही. ओळीत अक्षरं एकोणीस, बाराव्यावर थांबा, आणि प्रत्येक अक्षराचं लघु-गुरु ठरलेलं. शाळेत 'मसजसततग' पाठ केलं असेल त्यांनी ते इथे बाहेर काढावं.

व्याही कोकणचे, विदर्भकरही, पंक्तीस आले पहा,
तर्रीला मग ती कढी बिलगली, भांडू नका, ओरपा.

कढी अर्थात सोलकढी. वृत्त जुळवताना 'विदर्भ'ने फार मदत केली. लघु-गुरु-लघु अशी अक्षरं आयती मिळाली. दोनच ओळी लिहिल्या, पुढे नेल्या नाहीत. मंगलाष्टकं दुसऱ्या दिवशी खरी म्हटली जाणार असतात, अक्षता हातात घेऊन. आदल्या दिवशी त्यांची लांबलचक चेष्टा झालेली काही घरांना रुचत नाही. म्हणून मुलाच्या आजोबांना आधी विचारलं. त्यांनी ऐकलं, 'ओरपा'वर हसले, आणि 'यती बरोबर आलीय' एवढं म्हणाले. त्यांची हरकत असती तर ओळी गेल्या असत्या.

एवढी काळजी घेऊनही काही निसटतं, आणि ते तालमीत दिसतं. तालमीला दोन्ही घरांतलं एकेक माणूस, स्किटमध्ये नसलेलं, बसवावं. एखाद्या वाक्याला लोक हसतात आणि हसता हसता कुणाकडे तरी बघतात, त्या वाक्याखाली रेघ मारायची. नीट विनोदाला माणसं एकमेकांकडे किंवा समोर बघतात. खोचक विनोदाला ज्याच्यावर झाला त्याच्याकडे. आमच्या तालमीत असं एक वाक्य सापडलं. मुलाचा भाऊ सहज म्हणाला होता, 'आता दादाला डबा गरम मिळणार.' हसू आलं आणि तीन बायकांनी एकदम नवऱ्या मुलीच्या आईकडे पाहिलं. मुलगीही आठ तास नोकरी करते, डबा कोण करणार हा त्या घरात बोलून झालेला विषय होता. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाक्य बदलून 'आता दादा दोन डबे भरणार, आणि दोन वेळा गॅस बघणार' असं झालं. थट्टा परत दादाच्या डोक्यावर आली, आणि या वेळी मुलीची आई सगळ्यांत आधी हसली.

दुसरी खूण कौतुकाची. घाबरून सगळंच गोड लिहिलं तर स्किट सत्काराचं भाषण होतं. 'दोघं एकमेकांसाठीच बनलेले' असं वाक्य आलं की मागच्या रांगा मोबाइल काढतात. गोडवा हवाच असेल तर तोही तपशिलातूनच येऊ द्यावा. तो फाटकातून परत जातो तेव्हा ती आधीच रिक्षा थांबवून उभी असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते गाण्यात बसेना, म्हणून निवेदकाच्या तोंडी एका वाक्यात घातलं.

घरात कुणी नुकतंच गेलं असेल, आईवडील वेगळे राहत असतील, दोघांपैकी कुणाचं हे दुसरं लग्न असेल, तर तिथे कुटुंबावरचं स्किट करूच नये. फक्त जोडीवरचं एक गाणं पुरे. 'आई-बाबांचं प्रेम' अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रवेशातसुद्धा रिकामी खुर्ची दिसते. हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून मामीला फोन करायचा.

तर यंदाच्या हंगामात कुणाच्या गळ्यात हे काम पडलं असेल त्यांनी एवढं करावं. संहिता अशी लिहावी की कुठलंही एक वाक्य काढलं तरी पुढचं अडत नाही, आणि नवरानवरी दोघांना ती आदल्या दिवशी वाचायला द्यावी. सरप्राइज नाचासाठी ठेवा. दोघांपैकी एकानेही एखाद्या ओळीवर नुसतं 'हं' केलं तर ती ओळ काढून टाका, कारण विचारू नका, आणि त्या जागी ध्रुवपद दोनदा म्हणा.